उलटं शीड

‘बंद’ हा शब्द कुणी फुशारकीने उच्चारला की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते. बंद दार, बंद दुकान याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण कुणी मोठ्या माणसाने छाती काढून ‘आमची सगळी व्यवस्था बंद आहे, बाहेर काही जात नाही’ असं म्हटलं, की मला उरणच्या खाडीकाठचा तो बर्फाचा कारखाना दिसतो आणि पुढचं बोलणं मी धड ऐकू शकत नाही. घरच्यांना हे माहीत आहे. पाहुण्यांना नसतं, त्यामुळे अधूनमधून प्रसंग ओढवतो.

एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. मुंबईत यंत्रविद्या शिकून मी नोकरीला लागलो तो थेट या कारखान्यात. मालक मूळचे मिठागरांचे. खाडीला लागून त्यांची लांबच लांब आगरं होती, आणि मासळीच्या बोटींना बर्फ लागतो हे त्यांच्या बरोबर लक्षात आलं होतं. माणूस हुशार होता, हे मी रागातसुद्धा नाकारत नाही. बर्फ गोठवायच्या हौदाला खारं पाणी लागतं, कारण ते शून्याखाली उतरलं तरी गोठत नाही. ते मीठ घरचंच. गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे त्या खाऱ्या पाण्यात सोडायचे, खाऱ्या पाण्यातून अमोनियाचे नळ फिरवायचे, की डब्यांत बर्फ धरतो. एका शेजारच्या वाडीत पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवणारी माणसं आमच्याकडे बर्फ ओढायला येत आणि उन्हाळ्यात हात बधिर झाले म्हणून एकमेकांना हसत.

यंत्र चालवणारा ड्रायव्हर त्याच वाडीतला, आगरी. आधी तो मुंबईच्या गोदीत वाफेच्या क्रेनवर होता. आवाज मोठा, तोंडात कायम तंबाखू, आणि यंत्राला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. मी साहेब म्हणून आलो तेव्हा माझ्याशी तो पहिला आठवडाभर फक्त मानेनेच बोलला.

यंत्राबरोबर विलायतेहून अमोनियाचा एक मोठा छापील तक्ता आला होता. मी तो इंजिनघराच्या भिंतीवर फळीला ठोकला. खालून वर दाब, डावीकडून उजवीकडे एक रत्तल, म्हणजे पौंडभर, अमोनियाच्या अंगातली एकूण उष्णता. हल्लीची मुलं तिला एन्थाल्पी म्हणतात. मधोमध एक घुमट. घुमटाच्या डावीकडे अमोनिया पातळ, उजवीकडे नुसती वाफ, आणि घुमटाच्या पोटात दोन्हींची सरमिसळ. दाबाचे काटे आणि नळांवरचे थर्मामीटर वाचून मी त्यावर आमच्या यंत्राची फेरी पेन्सिलीने काढली.

ड्रायव्हर मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ बघून म्हणाला, “सायब, यो त शीड हाय. पन उलटा टांगलाय.”

आणि खरंच, ती आकृती होडीच्या शिडासारखी होती. डावी कड काठीसारखी सरळ उभी, उजवी कड तिरपी, पण रुंद बाजू वर आणि अरुंद खाली. त्या दिवसापासून आमच्याकडे त्या फेरीला उलटं शीड हेच नाव पडलं.

मी त्याला ती चारही कडांनी फिरवून दाखवली. खालच्या कडेला दाब कमी असतो. तिथे पातळ अमोनिया खाऱ्या पाण्यातली उष्णता ओढून घेतो आणि उकळतो, म्हणून रेघ आडवी डावीकडून उजवीकडे जाते. ती जितकी लांब तितकं रत्तलामागे थंड करणं जास्त. झालेली वाफ काॅम्प्रेसर ओढतो आणि दाबतो, तेव्हा रेघ तिरपी उजवीकडे वर चढते, कारण दाबण्याचे कष्टसुद्धा उष्णता होऊन वाफेच्या अंगात शिरतात. मग वरची कड. तापलेली वाफ कंडेन्सरच्या नळांत जाते, नळांवरून पाणी सोडलेलं असतं, ते पाणी तिची सगळी उष्णता काढून घेतं आणि वाफेचा पुन्हा पातळ अमोनिया होतो. ही रेघ उजवीकडून डावीकडे. शेवटी एका बारीक व्हॉल्व्हमधून तो पातळ अमोनिया खालच्या दाबात सोडला, की रेघ धाडकन सरळ खाली. तिथे उष्णता आतही येत नाही, बाहेरही जात नाही. फक्त दाब पडतो, थोड्याची लगेच वाफ होते आणि उरलेला गारढोण होतो. की पुन्हा खालची कड.

“म्हंजे गॅस संपत नाय?” त्याने विचारलं. मी सांगितलं, गळती नसेल तर संपत नाही, तोच तोच फिरतो. त्याने तंबाखू थुंकली आणि कागदावरच्या शिडाने बर्फ होत असेल तर मी कशाला हवा, असं म्हणून तो तेलाचा डबा घेऊन निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी काटे वाचून आकडे त्यानेच आणून दिले आणि आजचं शीड काढा म्हणाला. मग तो आमचा रिवाजच झाला. नवी फेरी काढल्याशिवाय तो सकाळचा चहा घेत नसे, आणि कालच्यापेक्षा आकृती वाकडी आली तर माझ्या पेन्सिलीला दोष देई.

मालकांना मात्र गॅस कोळशासारखा जळतो असं वाटे. यंत्राने किती गॅस खाल्ला, हे दर खेपेला विचारायचे. शेवटी एकदा मी त्यांना त्या तक्त्यासमोर नेलं आणि बोट फिरवून सांगितलं, शेठ, हे बंद चक्र आहे. अमोनिया खर्च होत नाही. जिथून निघाला तिथेच परत येतो.

त्यांचे डोळे चमकले. “बंद?” त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं. मी जे सांगितलं ते अक्षरशः खरं होतं आणि आजही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

आमच्या कंडेन्सरला पाणी खाडीचं. भरतीला ते चरातून टाकीत घ्यायचं, पंपाने नळांवर सोडायचं, आणि तापून खाली पडलेलं पाणी पुन्हा खाडीत जाऊ द्यायचं. त्या वर्षी चर गाळाने भरला. तो उपसायला माणसं लावायच्या ऐवजी मालकांनी फर्मान काढलं की पडलेलं पाणी टाकीतच परत घ्या. मी जाऊन विचारलं, तर म्हणाले, “तुमचंच शिकून करतोय, साहेब. गॅस बंद चक्रात फिरतो, तसंच पाणीही फिरू दे.”

मी तिथे उभ्या उभ्या समजावलं. गॅस बंद आहे, उष्णता बंद नाही. खालच्या कडेला खाऱ्या पाण्यातून ओढलेली आणि दाबताना भरलेली, अशी सगळी उष्णता वरच्या कडेला बाहेर पडलीच पाहिजे. तिला बाहेर नेणारं पाणीच जर तुम्ही घरात डांबलं तर ती जाणार कुठे? ते शांतपणे ऐकत होते. ऐकून घेण्याची त्यांची एक पद्धत होती, समोरचा बोलून थकला की ते आपलं पहिलंच वाक्य पुन्हा म्हणत. तेच म्हणाले.

मालक एवढ्यावर थांबले असते तरी कदाचित निभावलं असतं. खाडीवरचा वारा नळांवरून वाहत होता, थोडं पाणी उडून जात होतं आणि उडताना उरलेल्याला गार करत होतं. पण टाकीतलं पाणी रोज कमी होतंय हे त्यांनी पाहिलं आणि पाणी उडू नये म्हणून कंडेन्सरच्या चारही बाजूंना पत्रे मारून घेतले. वर टाकीवरही झाकण. ज्या माणसाचं अख्खं आयुष्य पाणी उन्हावाऱ्यावर उडवून मीठ काढण्यात गेलं, तो माणूस पाणी उडतं म्हणून पत्रे मारतो! आगरात उडालं तर ती कमाई, कारखान्यात उडालं तर नासाडी. मी कपाळावर हात मारून घेतला. ड्रायव्हर पत्रे मारणाऱ्यांना मोठ्याने शिव्या देत होता, मालक ऐकत असतानाच.

मग जे व्हायचं ते तक्त्यावर उमटू लागलं. पाणी तापलं तशी शिडाची वरची कड वर सरकली, कारण गरम पाण्याने वाफ पातळ करायची तर दाब वाढावाच लागतो. वर सरकताना डावी उभी कड उजवीकडे आली, कारण आता पातळ अमोनिया गरमच निघत होता. ती उजवीकडे आली म्हणून खालची कड आखूड झाली. म्हणजे दाबण्याचे कष्ट जास्त आणि रत्तलामागे थंडी कमी. तापलेल्या पाण्यातलं मीठ नळांवर बसू लागलं, त्या थराने उष्णता आणखी अडली, आणि शीड आणखी वर. इंजिन धापा टाकत होतं. डब्यांतून निघणाऱ्या लाद्या मधे पोकळ येऊ लागल्या, त्यांच्या पोटात न गोठलेलं पाणी हलताना दिसे. बोटवाले लाद्या पाहून तोंडावर बोलू लागले.

मालकांनी दोष ड्रायव्हरला दिला. तो झोपतो, यंत्राकडे लक्ष देत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पहिल्या दिवसाची आणि त्या दिवसाची अशा दोन्ही फेऱ्या एकाच कागदावर वेगवेगळ्या रंगांनी काढल्या आणि त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “ही फेरीसुद्धा बंदच आहे ना? कुठे तुटलेली नाही?”

तुटलेली नाही, मी म्हटलं.

“आणि आधीपेक्षा उंच झाली. म्हणजे यंत्र जास्त काम करतंय. मग बर्फ कमी का? माणूसच कामचुकार.”

त्यांच्याशी काय बोलणार? आकृती बरोबर वाचून इतका चुकीचा अर्थ काढणारा माणूस मी नंतर कधी पाहिला नाही. यंत्र जास्त काम करत होतंच, पण उपयोगाचं नाही. हे मी सांगितलं, टेबलावर मूठ आपटून सांगितलं, आणि त्यांनी मला आवाज खाली ठेवायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. दाब ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला की तो आपोआप उघडतो आणि गॅस छपरावरून बाहेर टाकतो, त्यासाठीच तो असतो. वारा वाडीकडे होता. बायका तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी गाळत कारखान्याच्या फाटकाशी आल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही, नुसत्या उभ्या राहिल्या, आणि मालकांना तेच जास्त लागलं. पत्रे काढा, चर उपसा, मी म्हटलं. पावसाळ्यासाठी बोटी किनाऱ्याला ओढायचे दिवस जवळ आले होते, तोवर बर्फाची मागणी पुरी व्हायला हवी होती. यंत्र थांबवून ते काही करणार नव्हते. त्या व्हॉल्व्हच्या खाली एक तोटी होती, ती बंद केली की गॅस व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही, म्हणून ती तिथे मुळात असायलाच नको होती. मालकांनी ड्रायव्हरला ती तोटी बंद करायला सांगितलं.

मी समोर होतो तेव्हा त्यांनी असं काही सांगितलं नाही. हे मला ड्रायव्हरने येऊन सांगितलं. मी त्याला बजावलं, तोटीला हात लावायचा नाही आणि मी परत येईपर्यंत यंत्र सुरू करायचं नाही. मालक माझं ऐकत नव्हते, पण यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या माणसाचं ऐकतील अशी मला आशा होती. मी सकाळीच मोऱ्याच्या धक्क्यावरून मुंबईची लाँच धरली.

दुपारी मालक इंजिनघरात आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, तुला जमत नसेल तर सांग, करंजा गावातला माणूस उद्यापासून यंत्र चालवील. बस. एवढंच. त्याला पगाराचं भय घातलं नाही, मारायची धमकी दिली नाही. त्याचं यंत्र दुसऱ्याच्या हाती देण्याचं भय घातलं. त्याने तोटी बंद केली आणि यंत्र सुरू केलं.

काही वेळाने काॅम्प्रेसरच्या तोंडाजवळचा सांधा फुटला. बाकीचे पळाले. तो बाहेर येऊन परत आत गेला, नळावरचा व्हॉल्व्ह बंद करायला, नाहीतर सगळा गॅस वाडीवर गेला असता. व्हॉल्व्ह त्याने बंद केला. डोळे गेले. अमोनिया ओलाव्याकडे धावतो आणि डोळ्याइतका ओला भाग माणसाच्या अंगावर दुसरा नाही. मी कंपनीच्या माणसाला घेऊन परतलो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पाण्याची ओली फडकी होती आणि तो मला विचारत होता, व्हॉल्व्ह पुरता बसला का.

चौकशी मालकांच्या बंगल्यावर झाली. सरकारी इन्स्पेक्टर साहेब आले. मालकांचं म्हणणं, सेफ्टी व्हॉल्व्हचा वास त्रास देतो म्हणून ड्रायव्हरने तोटी आपणहून लावली. प्रश्न एकच होता, तोटी कुणाच्या हुकमाने लागली. त्यावरच सगळं अवलंबून होतं, कारण ड्रायव्हरने मनानेच लावली असं ठरलं तर डोळे गेले ते त्याच्याच चुकीने, आणि त्याला कारखान्याकडून काही मागायचा हक्क राहत नव्हता.

मी तक्ता भिंतीवरून काढून नेला होता. मेजावर पसरून मी सगळं दाखवलं. पाणी परत फिरवलं तेव्हाची फेरी, पत्रे मारल्यावरची, मीठ बसल्यावरची. इन्स्पेक्टरना विषय कळत होता, त्यांनी मधेच दोन नेमके प्रश्न विचारले, मला बरं वाटलं. त्यांनी मालकांना विचारलं, पाणी का फिरवलंत? मालक माझ्याकडे हात करून म्हणाले, “इंजिनियर साहेबांनीच शिकवलं. बंद चक्र आहे म्हणाले. मी पडलो मीठवाला माणूस.”

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. इन्स्पेक्टरनी मला बसायला लावलं. आकृतीवरून दाब का वाढला ते सिद्ध होतं, ते म्हणाले, पण तोटी कुणी लावायला सांगितली ते या कागदावर नाही. ते बरोबरच होतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

मग त्यांनी ड्रायव्हरला विचारलं. डोळ्यांवर पट्टी, मुलीने हात धरून आणलेला. तोटी तूच लावलीस का?

“व्हय, मीच लावली,” तो म्हणाला. “मना शेटनी सांगितली.”

पहिलं वाक्य लिहून घेतलं गेलं. दुसऱ्याला साक्षीदार कोण, असं विचारलं गेलं. त्याने मला आधीच येऊन सांगितलं होतं असं मी म्हटलं, तर ते ऐकीव ठरलं. इंजिनघरात त्या वेळी ते दोघेच होते. मालक खाली बघत होते. त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला असता तर त्या माणसाचं उरलेलं आयुष्य सावरलं असतं, आणि तो शब्द त्यांनी आपल्या पाण्यासारखाच आत कोंडून ठेवला. निकाल ड्रायव्हरच्या विरुद्ध गेला. पाण्याची व्यवस्था सुधारावी, अशी एक सूचना मालकांना मिळाली.

मी त्याच महिन्यात नोकरी सोडली. तक्ता कारखान्याचा होता, तो ठेवून घेतला गेला.

बऱ्याच वर्षांनी रेवसला एका कामासाठी गेलो होतो, परतताना उरणला उतरलो. ड्रायव्हरच्या घरी गेलो. तो ओसरीवर जाळं विणत होता, बोटांनी चाचपत. आवाजावरून त्याने मला ओळखलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, “ता उलटा शीड हाय का अजून भित्तीवर?” मला माहीत नव्हतं. बघून सांगतो म्हटलं. कशाला म्हटलं कोण जाणे, पण म्हटलं तर मग गेलो.

कारखान्याचं मोठं ऑफिस झालं होतं. पत्रे गेले होते, चर उपसलेला होता, यंत्र नवं होतं. मालक पिकले होते, मला बघून गडबडले नाहीत, उलट आग्रहाने बसवलं. समोर मुंबईचे कुणी दोन पाहुणे होते. मालकांच्या खुर्चीमागे काचेच्या चौकटीत तो तक्ता लावला होता, माझ्या पेन्सिलीच्या फेरीसकट. वरची बाजू खाली करून. असा टांगला होता म्हणून शीड सरळ दिसत होतं, रुंद बाजू खाली, अरुंद वर, आणि विलायती आकडे डोक्यावर उभे. कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

मालक पाहुण्यांना तोच तक्ता दाखवत म्हणाले, “आमचा सगळा कारखाना या बंद चक्रावर चालतो. गॅस तोच, पुन्हा पुन्हा फिरतो. यातून बाहेर काही म्हणून काही जात नाही.”

“गेले,” मी म्हटलं. “दोन डोळे गेले.”

पाहुणे माझ्याकडे बघू लागले. मालकांनी चहा सांगितला. मी उठलो, चौकट खिळ्यावरून काढली, काखेत मारली आणि बाहेर पडलो. मला कुणी अडवलं नाही. वाडीत जाऊन मी ती त्याच्या ओसरीच्या भिंतीला टेकवून ठेवली, आणि त्याने विचारलं तेव्हा सांगितलं की होय, आहे, आणि आता बरोबर बाजूने आहे.

त्याने हाताने काच चाचपली आणि कड कुठे आहे ते मला दाखवायला सांगितलं. मी त्याचं बोट धरून फेरी फिरवली. वरच्या कडेला आल्यावर तो थांबला.

“हितं,” तो म्हणाला. “हितं गरमी भायेर जायाला पायजे होती.”

मी हो म्हटलं. त्याचं बोट तिथून हलेना, आणि मीही ते हलवलं नाही.